चित्राच्या मापाचे शब्द

जालना जिल्ह्यात माहितीपटाला विषयांची वाण नाही. बदनापूर-अंबडकडची मोसंबी आहे, शहरातले सळई कारखाने आहेत, १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी सुरू केलेली महिको आणि तिच्यामागोमाग वाढलेला बियाण्यांचा व्यवसाय आहे, १८०३ च्या लढाईची असई आहे. आता हातात मोबाइल असल्याने गावातला शिक्षक, कृषी सहायक, बचत गटातली एखादी ताई असे सगळेच चित्रीकरण करू लागले आहेत, आणि ते बरेचदा चांगलेही असते. अडते ते निवेदनापाशी. चित्र संपते तरी आवाज सुरूच राहतो, किंवा आवाज धापा टाकत चित्राच्या मागे धावतो. ही पुस्तिका या एकाच अडचणीवर आहे: दृश्ये जितकी लांब, तितकेच शब्द लिहायचे कसे?

हा प्रश्न मोबाइलसोबत आलेला नाही, हे वाचकांनी आधी लक्षात घ्यावे. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झाली. तिचे वार्तापट आणि माहितीपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात, आणि एकाच चित्रावर मराठीसह अनेक भारतीय भाषांतली निवेदने चढत. चित्र कापून तयार असे. मराठी लेखकाला त्यात एक सेकंदही वाढवून मिळत नसे. काम फुटांत मोजले जाई. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या गतीने पळते आणि एका फुटात १६ चौकटी असतात, म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला ९० फूट. ४५ फुटांचा तुकडा समोर आला की लेखकाने ओळखायचे, आपल्याकडे अर्धे मिनिट आहे. आज फूट गेले, टाइमकोड आला. हिशेब मात्र बदललेला नाही.

हिशेबाचा पाया म्हणजे मिनिटाला किती शब्द. इंग्रजी निवेदनासाठी साधारण १५० चा आकडा सांगितला जातो आणि आपल्याकडचे नवखे लेखक तोच उचलतात. मराठीला तो चालत नाही, कारण आपले विभक्तिप्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘घराच्या मागच्या शेतातून’ हे तीन शब्द इंग्रजीत सांगायला सहा लागतात. मराठी शब्द संख्येने कमी पण अंगाने लांब असतो. शांतपणे, अर्थ पोहोचेल अशा बेताने केलेले मराठी निवेदन मिनिटाला ११० ते १२० शब्दांच्या आसपास बसते, असा माझा अंदाज आहे. या पुस्तिकेत मी ११० धरले आहेत. कुणाला ते कमी वाटतील; मला विचाराल तर सवयीने घाई करणाऱ्या निवेदकासाठी तेही जास्त आहेत.

तुमचा आकडा मात्र तुम्हालाच काढावा लागेल, आणि त्याला फार कष्ट नाहीत. ज्या प्रकारचे निवेदन करायचे आहे त्याच प्रकारचा एक मजकूर घ्या. निवेदन जो करणार आहे त्यालाच तो मोठ्याने, उभे राहून, दोन मिनिटे वाचायला सांगा. वाचून झालेले शब्द मोजा आणि निम्मे करा. मनातल्या मनात वाचून वेळ लावू नका. मनात वाचताना श्वास घ्यावा लागत नाही, जोडाक्षरावर जीभ अडत नाही, आणि डोळा ओळखीच्या शब्दांवरून घसरत जातो. घरी ४० सेकंदांत बसलेली संहिता स्टुडिओत ५० सेकंद घेते, ती बहुधा याच कारणाने.

शब्दसंख्येच्या हिशेबात आणखी एक दगा असतो, तो म्हणजे आकड्यांचा. शेतीविषयक संहितेत आकडे फार. समजा तुम्ही ‘४७५.२५ मिमी’ असे लिहिले. संगणक ते दोन शब्द मोजेल, म्हणजे जेमतेम एक सेकंद. निवेदक वाचेल ‘चारशे पंचाहत्तर पूर्णांक पंचवीस मिलिमीटर’, आणि त्यात तीन सेकंद जातील. अशी चार ठिकाणे एका मिनिटात आली तर आठ सेकंदांचा घोळ झालाच. म्हणून मोजणीआधी सगळे आकडे, संक्षेप आणि तारखा अक्षरी लिहून घ्याव्यात. त्याहून बरे म्हणजे, ऐकणाऱ्याला दशांश हवे आहेत का, असे स्वतःला विचारावे. ‘पावणेपाचशे मिलिमीटर’ कानाला पुरते. नेमका आकडा पडद्यावरच्या पट्टीत देता येतो.

ज्यांना याहून बारीक मोजायचे आहे त्यांनी शब्दांऐवजी उच्चारखंड मोजावेत. ‘पाणलोट’ लिहायला चार अक्षरे, बोलायला पाण-लोट असे दोनच तुकडे. ‘कार्यक्रमांतर्गत’ या एका शब्दात तसे सहा निघतात. सेकंदाला पाच खंड हा सावकाश निवेदनाचा बरा अंदाज आहे. रोज हे करण्याची गरज नाही. पण एखादे वाक्य शब्दांच्या हिशेबाने बसते आणि तोंडाने बसत नाही, तेव्हा दोष कुठे आहे ते खंड मोजल्यावर लगेच दिसते.

आता एक तुकडा प्रत्यक्ष लावून पाहू. विषय घेऊ कडवंचीचा. जालना तालुक्यातल्या या गावात १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून मृद्संधारणाचे काम उभे राहिले. मराठवाडा शेती सहाय्य मंडळ आणि त्याचे खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांचा त्यात हात होता, आणि पुढे हे गाव शेततळ्यांसाठी व द्राक्षांसाठी ओळखले जाऊ लागले. समजा, आपल्याकडे २२ सेकंदांची तीन दृश्ये आहेत: आधी ८ सेकंद उघडा डोंगरउतार, मग ७ सेकंद समतल चर, मग ७ सेकंद नाल्यावरचा बांध आणि त्यामागे साचलेले पाणी.

पहिल्या खर्ड्यात कुणीही असे लिहील: ‘१९९० च्या दशकात जालना तालुक्यातील कडवंची या गावात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतर्गत डोंगरउतारावर समतल चर खोदण्यात आले, नाल्यांवर बांध घालण्यात आले आणि त्यामुळे वाहून जाणारे पावसाचे पाणी शिवारातच मुरू लागले.’ शब्द ३०. मिनिटाला ११० च्या गतीने साडेसोळा सेकंदांच्या आत. हातात २२ सेकंद आहेत, तेव्हा एकूण मापात हे सहज बसते आणि लेखक निश्चिंत होतो.

पण हे वाक्य चित्रावर ठेवून पाहा. ‘समतल चर’ साधारण नवव्या सेकंदाला उच्चारले जाते, तेव्हा पडद्यावर चर आलेले असतात, इथवर ठीक. ‘बांध’ मात्र अकराव्या सेकंदाच्या आसपास येतो आणि बांधाचे दृश्य उगवते पंधराव्या सेकंदाला. चार सेकंद प्रेक्षक चराकडे पाहत बांधाविषयी ऐकतो, आणि ज्याने बांध कधी पाहिलेला नाही तो चरालाच बांध समजतो. खरा बांध पडद्यावर येतो तोवर निवेदन संपत आलेले असते. एकूण वेळ जुळली, प्रत्येक दृश्याची जुळली नाही. माझ्या पाहण्यातल्या फसलेल्या निवेदनांपैकी बहुतेक इथेच फसलेली आहेत. लांबीमुळे फसलेली त्यांच्या मानाने थोडी.

म्हणून शब्दांचे माप पूर्ण फिल्मला लावू नये, एकेका दृश्याला लावावे. कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे दृश्य आणि त्याचे सेकंद, उजवीकडे त्याच दृश्यावर पडणारे वाक्य. दृश्य बदलल्यावर सेकंदभर डोळ्याला पाहू द्या, मगच आवाज सुरू करा. नवे चित्र आले की पाहणाऱ्याचे कान क्षणभर मागे पडतात. या बेताने कडवंचीचा तुकडा असा होतो.

डोंगरउतारावर दोन सेकंद नुसता वारा. मग: ‘जालना तालुक्यातलं कडवंची. पडलेला पाऊस या उतारावरून वाहून जायचा.’ नऊ शब्द, पाच सेकंद. चराच्या दृश्यावर: ‘गावकऱ्यांनी उतारावर समतल चर खोदले, आणि धावणारं पाणी थांबलं.’ पुन्हा नऊ शब्द. बांधाच्या दृश्यावर: ‘नाल्यांवर बांध आले. पाणी शिवारातच मुरू लागलं.’ सात शब्द, चार सेकंदांच्या आत. उरलेल्या वेळात पाण्याचा आवाज राहतो. एकूण २५ शब्द, बोलणे चौदा सेकंदांचे, शांतता आठ सेकंदांची.

आधीच्या खर्ड्यातून गेले काय, तेही पाहावे. दशक आणि कार्यक्रमाचे लांबलचक नाव गेले. ते महत्त्वाचे आहे, म्हणून फेकून द्यायचे नाही. पहिल्या दृश्यावर खालच्या पट्टीत ते नीट वाचता येईल असे द्यायचे. ‘खोदण्यात आले’ याचे ‘खोदले’ झाले. सरकारी अहवालातला हा कर्मणी प्रयोग कागदावर कुणाला खुपत नाही, पण प्रत्येक वेळी तो अर्धा सेकंद खातो आणि काम कुणी केले तेही लपवतो. आपल्या भागातल्या संहिता लांबतात त्या बहुतेक वेळा याच वळणामुळे, असे माझे मत झाले आहे.

एक तृतीयांश वेळ मोकळी सोडावी, हे सुरुवातीला जिवावर येते. मोसंबीच्या बागेतले पाखरांचे आवाज, रोलिंग मिलमध्ये तापलेली सळई रुळांवरून धावतानाचा खणखणाट हेही सांगतच असतात. अर्थात सगळीकडे सारखेच प्रमाण ठेवायचे नाही. फवारणीची पद्धत शिकवणाऱ्या फिल्ममध्ये शब्द दाट लागतात, तिथे गती तीच ठेवून दृश्येच लांबवावीत. फिल्म्स डिव्हिजनच्या मराठी लेखकाला ही सोय नव्हती, तुम्हाला आहे. चित्रीकरण करतानाच प्रत्येक दृश्य गरजेपेक्षा चारपाच सेकंद जास्त घेऊन ठेवा.

तयार आवाज संगणकावर ताणून किंवा आवळून बसवता येतो, हे तुम्ही ऐकले असेल. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये स्वर न बदलता गती बदलण्याची सोय आहे. दोनतीन टक्क्यांची दुरुस्ती सहसा कळत नाही, दहा टक्क्यांची कुणालाही कळते. म्हणून आधी कच्ची जुळणी करावी, तिच्यावर मोबाइलमध्येच स्वतःच्या आवाजात कच्चे निवेदन ठेवावे, वाक्ये तिथेच कापावीत, आणि मगच निवेदकाला बोलवावे. स्टुडिओत काच ओलांडून ‘जरा पटापट वाचा’ म्हणायची पाळी आली, तर संहिता अजून तयार झालेली नाही असे समजावे.

पहिले प्रकरण उघडण्याआधी वाचकांनी एवढे करावे: दोन मिनिटांचे वाचन करून आपला मिनिटाचा आकडा काढावा आणि याच पानाच्या समासात लिहून ठेवावा. पुढच्या उदाहरणांत जिथे जिथे ११० दिसतील, तिथे तो घालून गणित पुन्हा करावे.