तुकोबांचे नसलेले गाणे : एका चित्रफितीच्या निमित्ताने प्रताधिकाराचा इतिहास

मराठी चित्रपटाने संत तुकाराम कसे घडवले, या विषयावर आमच्या विभागाने वीस मिनिटांची एक चित्रफीत तयार करायचे ठरवले, तेव्हा हक्कांचा विचार आमच्या मनात जेमतेमच होता. चित्रफीत यूट्यूबवर सर्वांसाठी खुली ठेवायची होती. सामग्री म्हणून प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' या १९३६ सालच्या चित्रपटातील काही दृश्ये, त्यातील एक गाणे आणि निवेदनामागे वाजणारे थोडे संगीत एवढेच घ्यायचे होते. संत सतराव्या शतकातले आणि चित्रपट जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीचा. यावर आज कोणाचा हक्क असणार, असे आम्हांला वाटले. ही समजूत पहिल्याच गाण्यापाशी कोसळली. ती कशी कोसळली, हे सांगणे म्हणजे एका अर्थी प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा, आपल्याकडचा इतिहास सांगणे आहे.

आम्ही निवडलेले गाणे होते 'आधी बीज एकले'. पहिल्या आराखड्यात त्यापुढे आम्ही 'रचना : संत तुकाराम' असे लिहूनही ठेवले होते. वस्तुतः हे गीत तुकोबांचे नाही. ते या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिले आणि केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली. आठवल्यांनी अभंगाची भाषा आणि वळण इतके आत्मसात केले होते की पुढे असंख्य श्रोत्यांनी ते गीत तुकोबांचेच मानले. मराठीच्या अध्यापकांनीही तीच चूक करावी, हे आम्हांला लाजिरवाणे वाटले. पण त्या चुकीमुळेच एक गोष्ट उमगली. कायद्याच्या दृष्टीने गाणे ही एकच एक वस्तू नसते. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन स्वतंत्र कृती असतात. गाणे चित्रपटात असेल तर चित्रपट ही चौथी कृती. प्रत्येकीची मुदत निराळी आणि मालकही निराळा असू शकतो.

या मुदती कशा मोजायच्या, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. ब्रिटिश संसदेने १९११ साली केलेला कायदा काही फेरफारांसह १९१४ साली हिंदुस्थानात लागू झाला. त्यात लेखकाचे आयुष्य आणि त्यापुढे पन्नास वर्षे अशी सर्वसाधारण मुदत होती. स्वतंत्र भारताने १९५७ साली स्वतःचा कायदा केला, तेव्हाही साहित्य आणि संगीत यांच्यासाठी लेखकाच्या मृत्यूनंतरची पन्नास वर्षे कायम राहिली. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांची मुदत मात्र माणसाच्या आयुष्यावर नव्हे, तर प्रकाशनाच्या वर्षावरून मोजायची होती. तीही पन्नास वर्षेच. मग १९९१ साल उजाडले. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली वारले होते, तेव्हा त्यांच्या साहित्यावरील हक्क १९९१च्या अखेरीस संपणार होते. ते टाळण्यासाठी डिसेंबर १९९१मध्ये वटहुकूम निघाला, १९९२ साली त्याचा कायदा झाला आणि पन्नासाची साठ वर्षे झाली. एका कवीसाठी केलेली ही वाढ सर्वांनाच लाभली. मात्र त्याआधीच ज्यांची मुदत संपली होती, त्या कृतींचे हक्क पुन्हा जिवंत झाले नाहीत.

आता हे हिशेब आमच्या गाण्याला लावून पाहावेत. चित्रपट १९३६चा. पन्नास वर्षांनी, म्हणजे १९८६ साल संपताच, त्याची मुदत संपली. साठ वर्षे धरली तरी १९९६ ओलांडत नाही. गाण्याच्या मूळ ध्वनिमुद्रणाचेही तसेच. परंतु आठवले १९७५ साली वारले. गणना मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून होते, म्हणून त्यांच्या शब्दांवरील हक्क २०३५च्या अखेरपर्यंत राहतील. भोळे १९७७ साली वारले, त्यांची चाल २०३७च्या अखेरपर्यंत. चित्रपट खुला झाला म्हणून त्यात गुंफलेले शब्द आणि चाल खुली होत नाही, हे १९५७च्या कायद्यात स्पष्टच आहे. थोडक्यात, भारतापुरते बोलायचे तर चित्रपटातील मूक दृश्य आम्ही दाखवू शकत होतो. त्यावर तेच गाणे पूर्ण वाजवायचे तर परवानगी हवी होती.

परवानगी द्यायची कोणी, हा पुढचा प्रश्न. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत किंवा संगीत करवून घेतले आणि वेगळा करार नसला, तर त्यावरील पहिला हक्क निर्मात्याचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितले. त्यामुळे हक्काची मुदत कवीच्या मृत्यूवरून मोजायची, पण मालक मात्र कवीचे वारस नसून निर्मात्याचा उत्तराधिकारी, अशी स्थिती संभवते. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला, परंतु जुन्या गाण्यांच्या मालकीचा शोध त्याने सोपा झाला नाही. 'प्रभात'च्या पुण्यातील जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. म्हणून चित्रपटांचे हक्कही जागेबरोबर गेले, असे मानता येत नाही. जमीन, रिळे आणि प्रताधिकार या तीन निरनिराळ्या मालमत्ता आहेत. आज इंटरनेटवर सापडणाऱ्या प्रतीला इंग्रजी उपशीर्षके जोडलेली असली, तर त्या भाषांतराचा हक्क आणखी वेगळा. म्हणून दृश्ये घेताना आम्ही उपशीर्षके नसलेली प्रत वापरायचे ठरवले.

यावर आमच्यातील एका सहकाऱ्याने विचारले, "वर्गात आपण हे गाणे रोज ऐकवतो, तेव्हा कोण अडवतो?" प्रश्न रास्त होता. अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने कृतीचा वापर करावा, याला कायद्यात मुभा आहे. संस्थेतील कार्यक्रमालाही, श्रोते विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरते मर्यादित असतील तर, सूट आहे. पण सर्वांसाठी खुली असलेली चित्रफीत म्हणजे वर्ग नव्हे. तेथे टीका वा समीक्षेसाठी केलेल्या उचित वापराचा आधार उरतो. तीस सेकंदांपर्यंत चालते, असा जो नियम विद्यार्थी हमखास सांगतात, तो कायद्यात कोठेही नाही. ज्या ओळींविषयी आपण काही म्हणत आहोत तेवढ्याच ऐकवल्या, लगेच त्यांची चर्चा केली आणि कर्त्याचे नाव दिले, तर समीक्षेचा दावा टिकण्याजोगा असतो. तेच गाणे श्रेयनामावलीखाली शोभेसाठी वाजवले, तर समीक्षेचे नाव घेता येत नाही. शिवाय चित्रफीत परदेशातही दिसते आणि तेथील गणित निराळे असते. अमेरिकेने २०१८ साली केलेल्या कायद्यानुसार १९३६ साली प्रकाशित झालेले ध्वनिमुद्रण तेथे २०३६च्या अखेरपर्यंत संरक्षित आहे. भारतात खुली असलेली तबकडी तेथे खुली नाही.

निवेदनामागच्या संगीतासाठी आम्ही मग मुक्त परवान्यांकडे वळलो. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२ साली पहिले परवाने काढले. त्यांत हक्क सोडून दिलेला नसतो, तर काही अटींवर वापराची परवानगी आधीच दिलेली असते. आम्हांला एका संकेतस्थळावर बासरीचा एक सुरेख तुकडा मिळाला. त्याखाली CC BY-ND असे लिहिले होते. पहिल्या अक्षरांचा अर्थ कर्त्याचे नाव द्या, शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थ कृतीत बदल करून ती प्रसृत करू नका. आम्ही सुरांत काहीच बदल करणार नव्हतो, तेव्हा हरकत नसावी, असे वाटले. परवान्याचा पूर्ण मजकूर वाचल्यावर समजले की संगीत हलत्या चित्राशी जुळवणे, हाच त्यात बदल मानला आहे. म्हणजे ND असलेले संगीत चित्रफितीला चालतच नाही. दुसरा तुकडा CC BY-SA होता. तो चालला असता, पण मग आमची संपूर्ण चित्रफीत त्याच परवान्याखाली द्यावी लागली असती, आणि त्यात इतरांची सामग्री असल्याने ते आम्हांला शक्य नव्हते. NC असेल तर व्यापारी वापर वर्ज्य, तेव्हा चित्रफितीवर जाहिराती लागल्या की वाद उद्भवतो. केवळ CC BY असलेला तुकडा आम्ही शेवटी घेतला. कर्त्याचे नाव, कृतीचे शीर्षक, परवान्याचे नाव आणि दोन्हींचे दुवे वर्णनात दिले. परवाना दिसतो त्या पानाची तारखेसह प्रत जपून ठेवली, कारण पान उद्या नाहीसे होऊ शकते. परवाना देणारा खरोखर कर्ता आहे का, हेही पाहिले. कोणीतरी चढवलेल्या चित्रपटाच्या तुकड्याखाली असा परवाना लिहिलेला असेल, तर त्याला काही किंमत नाही. जे आपले नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. तसेच 'रॉयल्टी फ्री' म्हणजे फुकट असेही नव्हे. प्रत्येक वापराला वेगळे मानधन नाही, एवढाच त्याचा अर्थ.

गाणे मात्र अजून राहिलेच होते. आठवल्यांच्या गीतातील चर्चेपुरत्या दोन ओळी आम्ही ठेवल्या आणि पूर्ण गायनासाठी तुकोबांचा गाथेतील अभंग घेतला. तेथेही खाचखळगे होतेच. अभंगाचे शब्द सर्वांचे, पण संपादित आवृत्तीची प्रस्तावना आणि टीपा संपादकाच्या. चालीचे तर त्याहून बिकट. 'अभंग तुकयाचे' या ध्वनिमुद्रिकेतील चाली आज परंपरागत वाटाव्यात इतक्या रुळल्या आहेत, पण त्या श्रीनिवास खळे यांच्या आहेत. खळे २०११ साली वारले, तेव्हा त्या २०७१च्या अखेरपर्यंत संरक्षित राहतील. म्हणून दिंडीत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाणारी चाल आम्ही एका विद्यार्थिनीकडून टाळ-मृदंगासह गाऊन घेतली, आणि तिची व वादकांची लेखी संमती घेतली, कारण गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही आपापल्या सादरीकरणावर हक्क असतो.

चित्रफीत आधी खाजगी ठेवून चढवली, तेव्हा आमच्याच ध्वनिमुद्रणावर एका कंपनीचा दावा आपोआप आला. यूट्यूबची ही यंत्रणा २००७पासून आहे. ती ध्वनीची जुळणी पाहते, हक्क तपासत नाही. असा दावा म्हणजे कायदेशीर नोटीस नव्हे. आम्ही संमतिपत्रांच्या आधारे हरकत नोंदवली. उत्तरासाठी दावेदाराला तीस दिवस असतात. त्या मुदतीत दावा मागे घेतला गेला. कागद नसते, तर आम्ही बहुधा गाणेच काढून टाकले असते.

या साऱ्या खटाटोपात आम्हांला सर्वांत मोलाचे वाटले ते परवाने नव्हेत. हक्क कोणाचा, हे शोधण्यापूर्वी कृती कोणाची, हे शोधावे लागते, आणि ते तर आमचेच काम होते. आपल्या कायद्यात कर्त्याला स्वतःच्या नावाचा एक हक्क आहे, जो प्रताधिकार विकून टाकला तरी विकला जात नाही. 'रचना : संत तुकाराम' असे लिहून आम्ही तो आठवल्यांकडून काढून घेणार होतो. आता चित्रफितीच्या श्रेयनामावलीत 'गीत : शांताराम आठवले' ही ओळ आहे.