निकटदृष्टी-अंकन

जवळचे वाचन तपासण्याच्या तक्त्यावरील ‘एन ६’ या नोंदीत ‘एन’ हे जवळच्या दृष्टीचे चिन्ह असून आकडा टाइम्स रोमन ठशाचा पॉइंटमधील आकार दाखवतो. एक पॉइंट म्हणजे इंचाचा सुमारे ७२वा भाग. प्रत्येक डोळ्याने वाचता आलेला सर्वांत बारीक परिच्छेद चष्मा व अंतरासह लिहितात, उदा. ‘उजवा डोळा, चष्म्यासह, एन ६, ४० सेंमी.’. अंतर गाळलेली नोंद अपुरीच होय, कारण २० सेंमी.वर जेमतेम एन ६ वाचणाऱ्यास ४० सेंमी.वर साधारण एन १२ लागते. वर्तमानपत्राचा मजकूर सुमारे एन ८ इतका असतो. मात्र ज्याची मर्यादाच एन ८ आहे, त्याला मथळ्याखालच्या चार ओळी वाचता आल्या, तरी सलग वाचनासाठी अंदाजे दुप्पट मोठी अक्षरे लागतात. काना-मात्रांमुळे देवनागरी तक्त्यांना हे रोमन माप तंतोतंत लागू पडत नाही.