ड्रमच्या तळाशी बसलेलं खत आणि नववीचा विद्राव्यतेचा आलेख

जानेवारीतल्या एका सकाळी नारायणगावहून मामाचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला. निळा प्लास्टिकचा ड्रम आणि तळाशी बोटभर जाडीचा पांढरा, सुयांसारख्या स्फटिकांचा थर. खाली मेसेज: "काल संध्याकाळी पूर्ण विरघळलं होतं. रात्रीत हे असं. खत डुप्लिकेट निघालं वाटतं. दुकानदाराकडे जाऊ का?"

खत होतं १३:०:४५. द्राक्षवाल्यांना हा आकडा तोंडपाठ असतो. रसायनशास्त्राच्या भाषेत ते पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे जुना शोरा. ठिबकमधून सोडायला मामाने २५ किलोची अख्खी गोणी ड्रममध्ये ओतली होती आणि १०० लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं होतं.

मी आयटीवाला, शेतीतलं मला काही कळत नाही. पण हे चित्र ओळखीचं वाटलं, कारण आदल्याच आठवड्यात भाचीला नववीच्या विज्ञानातलं एक कोष्टक समजावून सांगितलं होतं. एनसीईआरटीच्या पुस्तकात अनेक वर्षं हा प्रश्न आहे: प्रज्ञा नावाची मुलगी चार क्षार वेगवेगळ्या तापमानांना १०० ग्रॅम पाण्यात किती विरघळतात ते मोजते. तापमान केल्विनमध्ये दिलंय; २७३ वजा केले की आपले नेहमीचे अंश सेल्सिअस मिळतात. १०, २०, ४०, ६० आणि ८० अंशांना पोटॅशियम नायट्रेटचे आकडे असे आहेत: २१, ३२, ६२, १०६, १६७. साध्या मिठाचे: ३६, ३६, ३६, ३७, ३७. मामाच्या ड्रमचं उत्तर या दोन ओळींमध्येच आहे.

आधी आलेख काढताना होणारी एक चूक. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर ग्रॅम, हे सगळ्यांना माहीत असतं. पण १०, २०, ४०, ६०, ८० ही अंतरं समान नाहीत. मोबाइलवर एक्सेलमध्ये आकडे टाकून Line हा आलेख निवडलात तर तो या तापमानांना नुसती नावं समजतो आणि सारख्या अंतरावर मांडतो. मग १० ते २० मधला चढ आहे त्यापेक्षा सपाट दिसतो. इथे Scatter हाच प्रकार हवा. भाचीने पहिल्यांदा Line काढला होता आणि "मामा, तुझं उत्तर आलेखाशी जुळत नाही" म्हणून माझ्याशी भांडलीही होती.

आता वाचन. वक्ररेषेवरचा प्रत्येक बिंदू सांगतो की त्या तापमानाला १०० ग्रॅम पाणी जास्तीत जास्त किती क्षार पोटात ठेवू शकतं. तेवढा विरघळला की द्रावण संपृक्त झालं. तुमचा बिंदू रेषेच्या खाली असेल तर अजून जागा आहे. रेषेच्या वर असेल तर जास्तीचा क्षार आज ना उद्या खाली बसणार. इथे एक शब्द नीट वाचायचा: १०० ग्रॅम "पाण्यात", १०० ग्रॅम "द्रावणात" नाही. २० अंशांना ३२ ग्रॅम क्षार विरघळला की द्रावणाचं वजन १३२ ग्रॅम होतं. परीक्षेत इथे गुण जातात. मामाच्या ड्रममध्येही पहिला घोटाळा इथेच झाला होता.

मामाचा हिशेब होता २५ किलो भागिले १०० लिटर, म्हणजे १०० ला २५. पण त्याने आधी खत टाकून मग खुणेपर्यंत पाणी भरलं. विरघळलेलं खतही जागा घेतं. २५ किलोला साधारण १० लिटर. म्हणजे ड्रममध्ये खरं पाणी जेमतेम ९० लिटर, वजनाने ९० किलो. २५ भागिले ९०, म्हणजे १०० ला जवळपास २८. आता आलेख उलटा वाचायचा. उभ्या अक्षावर २८ शोधा, तिथून आडवी रेघ वक्ररेषेपर्यंत न्या, आणि जिथे भिडेल तिथून सरळ खाली उतरा. उत्तर येतं सोळा-सतरा अंश. ड्रममधलं द्रावण सतराच्या वर असेपर्यंत सगळं स्वच्छ, त्याखाली गेलं की स्फटिक पडायला सुरुवात.

जानेवारीत जुन्नरच्या पट्ट्यात पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरणं काही नवीन नाही. रात्रभर उघड्यावर ठेवलेला ड्रम १० अंशांना आला असं धरू. १० अंशांना १०० किलो पाण्यात २१ किलो मावतं, म्हणून ९० किलोत सुमारे १९ किलो. उरलेलं ६ किलो कुठे जाणार? तळाशी. मी मामाला लिहिलं, "खत खरं आहे. बनावट असतं तर इतकं गणिताप्रमाणे वागलं नसतं." हे जरा हुशारी मारण्यासारखं झालं, कारण फोटोवरून ६ किलो मोजता येत नाही. म्हणून त्याला एक साधी परीक्षा करायला सांगितली, ती पुढे सांगतो.

मामाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला पुस्तकात वाचून कधी जाणवली नव्हती. दुपारी खत ढवळताना ड्रम गारेगार पडला, हात बधिर झाले, आणि अर्ध्यावर खत विरघळायचंच थांबलं. दोन तास उन्हात राहिल्यावर मग पुढचं विरघळलं. कारण पोटॅशियम नायट्रेट विरघळताना पाण्यातली उष्णता शोषून घेतं. एवढ्या प्रमाणात टाकलं तर तापमान दहा अंशांहून जास्त खाली येऊ शकतं. म्हणजे दुपारी पाणी २५ अंशांचं असलं तरी ढवळता ढवळता ड्रम सतराच्या खाली जातो आणि द्रावण तिथेच संपृक्त होतं. कितीही जोरात ढवळा, उपयोग नाही. आडव्या अक्षावरचं तापमान हे द्रावणाचं असतं, हवेचं किंवा नळाच्या पाण्याचं नाही. प्रयोगशाळेतही थर्मामीटर द्रावणात बुडवलेलाच हवा. आणि या क्षाराची रेषा चढती का आहे, तेही याच गारव्यात दिसतं: विरघळायला ज्याला उष्णता लागते, त्याला तापलेलं पाणी जास्त सामावून घेतं.

मिठाचं तसं नाही. त्याची रेषा जवळपास आडवी आहे. ६० अंशांचं संपृक्त मिठाचं पाणी २० अंशांपर्यंत थंड केलं तर १०० ग्रॅम पाण्यामागे फक्त १ ग्रॅम मीठ पडेल. पोटॅशियम नायट्रेट पडेल १०६ वजा ३२, म्हणजे ७४ ग्रॅम. म्हणूनच वसई-पालघरकडे किंवा रायगडमध्ये मिठागरांत पाणी थंड करत नाहीत, उन्हात आटवतात. शोऱ्यात थोडं मीठ मिसळलेलं असेल तर उलट रीत चालते: गरम पाण्यात दोन्ही विरघळवा, थंड करा, शोरा खाली बसतो आणि मीठ पाण्यातच राहतं.

या दोन रेषा २३-२४ अंशांच्या आसपास एकमेकींना छेदतात. १० अंशांना मीठ जास्त विद्राव्य, ६० अंशांना पोटॅशियम नायट्रेट जवळपास तिप्पट. त्यामुळे "कोणता क्षार जास्त विरघळतो?" या प्रश्नाला तापमान सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

दोन बिंदूंमधलं वाचताना पट्टीने सरळ रेघ मारण्याचा मोह होतो. २० ला ३२ आणि ४० ला ६२, मग ३० ला ४७? प्रत्यक्षात ४६ च्या जवळ येतं, कारण रेषा वर वळत जाते आणि सरळ रेघ तिच्या वरून जाते. फरक लहान आहे, पण दिशा चुकीची: पट्टी नेहमी थोडं जास्त विरघळेल असं सांगते. बिंदू हाताने, गुळगुळीत वळणाने जोडा.

आणि वळण गुळगुळीत येत नसेल तर आकड्यांवर शंका घ्या, पुस्तकातले असले तरी. त्याच कोष्टकात अमोनियम क्लोराइडचे आकडे २४, ३७, ४१, ५५, ६६ असे आहेत. पहिल्या १० अंशांत १३ ची उडी, पुढच्या २० अंशांत फक्त ४, मग परत १४. खऱ्या क्षाराची रेषा अशी अडखळत नाही. संदर्भकोष्टकांत १० अंशांना हा आकडा ३३ च्या आसपास आहे आणि ४० ला ४६ च्या. परीक्षेत दिलेलेच आकडे वापरायचे, पण आलेखावर तो बिंदू वेगळा पडलेला दिसायला हवा.

या आलेखाची मर्यादाही मामाच्या ड्रममध्ये भेटते. रेषा एका क्षाराची आणि शुद्ध पाण्याची आहे. ड्रममध्ये पोटॅशियम सल्फेटही टाकलं तर दोघांत पोटॅशियम सामाईक असल्याने दोन्ही कमी विरघळतात. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेटवालं खत एकत्र केलं तर जिप्समचा पांढरा गाळ तयार होतो, आणि त्याचा या रेषेशी काही संबंध नसतो. उलट कधीकधी सतराच्या खाली जाऊनही द्रावण तासभर स्वच्छ राहतं आणि ड्रम हलवला की एकदम स्फटिक पडतात. तेव्हा "विरघळलं" समजून ठिबक चालू केलं तर ड्रिपर चोंदतात.

म्हणून ती परीक्षा: तळातला चमचाभर थर घेऊन कपभर गरम पाण्यात टाका. पूर्ण विरघळला तर ते थंडीने बाहेर पडलेलं खतच आहे. गढूळ पांढरं तळाशी राहिलं तर जिप्सम किंवा दुसरं काही, आणि ते गरम करून परत येणार नाही.

मामाचा थर अर्ध्या मिनिटात विरघळला. दुकानदाराकडे जाणं रद्द झालं. मग आलेखावरून नवीन प्रमाण काढलं: १० अंशांना २५ किलोसाठी २५ भागिले ०.२१, म्हणजे ११९ लिटर पाणी, तेही काठावर. १५० लिटर घेतलं तर १०० ला १७ च्या खाली येतं आणि पाचेक अंशांपर्यंत धोका नाही. पाणी आधी मोजून घ्यायचं, खत नंतर टाकायचं. त्याचा ड्रम २०० लिटरचा आहे, त्यामुळे जागेचा प्रश्न नव्हता. त्या दिवशी त्याने आणखी पाणी ओतून ड्रम उन्हात ठेवला आणि दुपारी दोनला रिकामा दिसणारा तळ दाखवणारा दुसरा फोटो पाठवला.