कॅमेऱ्यात न आलेली आकृती

हेडफोन लावलेत ना? आज एका धावण्याच्या शॉटपासून सुरुवात करू.

रात्रीचं जंगल. तंबूत झोपलेली तीन पोरं बाहेरच्या आवाजांनी दचकून उठतात आणि अंधारात पळत सुटतात. कॅमेरा हातात असल्यामुळे आपल्याला दिसतात फक्त हलणारी झाडं आणि काळोख. धावता धावता हेदर बाजूला बघून किंचाळते, "ते काय आहे?" आपणही बघायला जातो, पण कॅमेरा तिकडे वळतच नाही. काय होतं ते शेवटपर्यंत कळत नाही.

हा सिनेमा म्हणजे 1999 चा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'. गंमत म्हणजे तिथे खरंच कुणीतरी होतं. टीममधला एक जण पांढरे कपडे घालून, डोक्यावरून पांढरा मोजा ओढून बाजूने पळत होता. त्याला फ्रेममध्ये घ्यायचं ठरलं होतं, पण पळण्याच्या गडबडीत ते राहून गेलं. दिग्दर्शक डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी शॉट तसाच ठेवला. मोजा दिसला असता, तर कदाचित थिएटरमध्ये हशा पिकला असता.

आता हलणारा कॅमेरा खरा का वाटतो ते बघू. नेहमीच्या सिनेमात कॅमेऱ्याला सगळं आधीच ठाऊक असतं. दार उघडायच्या आधीच तो दारासमोर तयार असतो. म्हणजे हे कुणीतरी ठरवून केलंय, हे आपल्याला नकळत कळत असतं. इथे मात्र कॅमेरा उशिरा पोचतो, चुकीकडे बघतो, मधेच जमिनीकडे झुकतो. मग आपलं मन म्हणतं, शूट करणाऱ्यालाही पुढचं माहीत नाहीये.

आणि त्यांना खरंच माहीत नव्हतं! 1997 च्या ऑक्टोबरमध्ये मेरिलँडच्या जंगलात आठ दिवस शूटिंग झालं. हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड आणि मायकल विल्यम्स हे तिघे नट स्वतःच शूट करत होते. त्यांच्याकडे एक व्हिडिओ कॅमेरा होता आणि एक 16 मिलिमीटर फिल्मचा. संवाद लिहिलेले नव्हते. जीपीएसच्या मदतीने ठरलेल्या जागी पोचायचं, तिथे प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी असायची, आणि आपली चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची नाही. जेवण दिवसेंदिवस कमी केलं जात होतं. रात्री टीम तंबू हलवायची, टेपवर लहान मुलांचे आवाज वाजवायची. चिडचिड आणि थकवा बऱ्याच अंशी खराच होता.

दुसरी गोष्ट म्हणजे गाळलेला संदर्भ. सुरुवातीला पडद्यावर एवढंच येतं की 1994 मध्ये तीन विद्यार्थी बेपत्ता झाले आणि वर्षभराने त्यांचं फुटेज सापडलं. कुणाला सापडलं, कुणी जोडलं, काही नाही. पण सगळंच गाळलं असतं, तर उरला असता नुसता गोंधळ. म्हणून एक धागा ठेवलाय. सुरुवातीच्या मुलाखतींत गावातला एक जण जुन्या खुन्याची गोष्ट सांगतो. तो एका मुलाला मारताना दुसऱ्याला कोपऱ्यात तोंड करून उभं करायचा. आपण ते विसरून जातो. शेवटी पडक्या घराच्या तळघरात माइक कोपऱ्याकडे तोंड करून उभा दिसतो, कॅमेरा खाली पडतो आणि संपलं. बाकीचं आपणच मनात जुळवतो, आणि स्वतः जुळवलेल्या गोष्टीवर शंका कोण घेतो?

पुढे अनेकांनी कॅमेरा हलवला, पण सगळ्यांना ते जमलं नाही. खोटा हलता कॅमेरा ओळखायचा कसा? कितीही धक्के बसले तरी भूत मात्र बरोब्बर फ्रेमच्या मधोमध येत असेल, तर समजा की कॅमेऱ्याला पटकथा माहीत आहे.

या खरेपणाची किंमतही होती. पात्रांना नटांचीच खरी नावं दिलेली. वेबसाइटवर खोटे पोलीस-पुरावे टाकलेले, 'बेपत्ता' म्हणून पोस्टर लावलेले. प्रदर्शनाच्या वेळी नटांना लोकांसमोर फारसं येऊ दिलं नाही, कारण ते जिवंत दिसले तर खेळ खलास. हेदरच्या आईला तर सांत्वनाची पत्रं आली! सिनेमाने जगभरात सुमारे 24 कोटी 80 लाख डॉलर कमावले. 2024 मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, त्याच तिघांना जाहीर पत्र लिहून आपल्या कामाचा मोबदला मागावा लागला.

लोकांना ते नट वाटलेच नाहीत, हेच त्यांच्या अभिनयाचं यश होतं. पण जो नटच नाही, त्याला नटाचे पैसे द्यायचं कुणाच्या लक्षात राहणार? पुढच्या वेळी असा सिनेमा बघाल, तेव्हा कॅमेरा कुणाच्या हातात आहे, तेवढं बघा. भेटू पुढच्या भागात.