२३. सीरियल वाढवला नव्हता

डीएनएसमध्ये डोमेन नावांची मूळ नोंद एका मुख्य सर्व्हरवर असते आणि तिच्या प्रती दुय्यम सर्व्हरांवर. आपली प्रत शिळी झाली का, हे दुय्यम सर्व्हर घड्याळावरून ठरवत नाही. दोन यंत्रांची घड्याळे जुळतीलच असे नाही. १९८७च्या नियमांप्रमाणे नोंदीच्या SOA ओळीत एक सीरियल क्रमांक असतो. दुय्यम सर्व्हर ठरावीक काळाने तो विचारतो आणि आपल्याजवळच्यापेक्षा मोठा असला तरच नवी प्रत उतरवून घेतो. या प्रकरणात मुख्य सर्व्हरवर पत्ता बदलला, पण क्रमांक तोच राहिला. म्हणून काही ग्राहकांना जुनाच पत्ता मिळत होता. दोन्ही सर्व्हरांवर क्रमांक सारखा पण पत्ता वेगळा दिसला, की चूक हीच.

क्रमांक बहुधा तारखेच्या रूपात लिहितात: `2024031501`, म्हणजे १५ मार्चचा पहिला बदल. ही सोय माणसांसाठी. यंत्राला ती नुसती संख्या. घाईत 2024 चे `2042` झाले, तर त्यानंतरचे सगळे बरोबर क्रमांक लहान, म्हणजे जुने ठरतात. यातून सुटायची वाट जरा गमतीची आहे. संख्या ३२ बिटांची असून शेवट आला की पुन्हा शून्यावर येते, आणि अर्ध्या फेरीच्या आतली उडी ‘पुढे’ धरली जाते. म्हणून चुकीच्या क्रमांकात `2147483647` मिळवायचे, सगळ्या दुय्यम सर्व्हरांनी ती प्रत घेईपर्यंत थांबायचे, आणि मग हवा तो क्रमांक लिहायचा. हे सारे चालते ते क्रमांक देणारा एकच असेल तोवर.