तारेवरून उडणारा वीर

मालिकापट पाहायला जमणारी मंडळी दर आठवड्याला एक भाग पाहून घरी जात आणि नायक संकटातून सुटला की नाही, हे कळण्यासाठी पुढल्या आठवड्याची वाट पाहत. असे चित्रपट थोडक्या पैशात आणि घाईने उरकावे लागत. अमेरिकेतल्या रिपब्लिक कंपनीने 1941 साली बारा भागांचा ‘ॲडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल’ काढला, तेव्हा माणूस उडवायचा कसा, हाच मोठा प्रश्न होता.

तो सोडवला हॉवर्ड आणि थिओडोर लायडेकर या भावांनी. त्यांनी कागदाच्या लगद्याचा सात फुटी पुतळा केला. उंची माणसाहून जास्त, पण वजन अवघे पंधरा पौंडांच्या आसपास. त्याच्या खांद्यांत आणि पोटऱ्यांत बारीक कप्प्या बसवल्या आणि त्यांतून दोन समांतर तारा ओवल्या. तारा उतरत्या ताणल्या की पुतळा आपल्याच भाराने घरंगळत येई आणि पातळ कापडाचा झगा मागे फडफडे. गिरणीतल्या कप्प्या आम्ही जन्मभर पाहिल्या. त्यांतून आकाशगमन निघेल, हे काही आमच्या ध्यानात आले नव्हते! चित्रण उघड्यावर, खऱ्या उन्हात, खऱ्या डोंगरांसमोर होई, म्हणून ते खोटे वाटत नसे.

वर चढताना दाखवायचे झाले, तर पुतळा पायांच्या बाजूने खाली सोडत, झग्याला वजन लावून तो जागच्या जागी ठेवत आणि मग फिल्म उलटी चालवत. मात्र अशा दृश्यात चालता माणूस किंवा धूर येऊन चालत नसे. तोही उलटा गेला असता!

पण पुतळ्याला हातपाय हलवता येत नाहीत. म्हणून एक उड्डाण तुकड्यातुकड्यांनी जोडावे लागे. प्रथम नायक टॉम टायलर उभा दिसे. मग त्याच पोशाखात डेव्ह शार्प हा कसरतपटू उसळत्या फळीच्या आधाराने झेप घेऊन चौकटीबाहेर जाई. पुढे पुतळा, मग उंचावरून चौकटीत उडी घेणारा शार्प आणि शेवटी पुन्हा टायलर. प्रत्येक तुकडा इतका थोडका, की माणूस बदलला हे डोळ्याला कळेपर्यंत दृश्य संपलेले असे. मारामारीत उलटी कोलांटी मारून दोघांना लाथेने लोळवणाराही शार्पच. नाव मात्र मोठ्या अक्षरांत टायलरचे. उडी मारणाऱ्याचे नाव पडद्यावर घालण्याची चाल त्या काळी नव्हती, आणि हाड मोडले तर ते त्याचेच मोडे.

हे सारे ओळखायचे असेल, तर लांबून उडणाऱ्या आकृतीचे हात पाहावेत. ते प्रत्येक वेळी तसेच पुढे ताणलेले असतात, बोटही हलत नाही. उडी संपून जमिनीला पाय लागताक्षणी गुडघे वाकले, की समजावे, हा शार्प.