टेक-होम असाइनमेंट

नोकरीच्या निवडप्रक्रियेत उमेदवाराने घरी बसून, दिलेल्या मुदतीत करून पाठवायचे काम. संगणक-क्षेत्रात ते बहुधा प्राथमिक मुलाखतीनंतर येते आणि पुढच्या फेरीत त्याच कामावर चर्चा होते. या नोंदीत बॅकएंड डेव्हलपरला नेहमी मिळणारे एक काम उदाहरणादाखल घेतले आहे : लांबलचक लिंक लहान करून देणारी आणि तिच्यावर किती क्लिक झाले ते मोजणारी सेवा.

आवाका. काम हातात आल्यावर कोड लिहिण्याआधी मजकूर दोनदा वाचून शंकांचा एकच ईमेल पाठवावा. किती तासांचे काम अपेक्षित आहे, लॉगिन हवे का, आकडेवारी केवळ एकूण क्लिकची की दिवसवार, आणि नंतर चर्चा होणार का, एवढे विचारले तरी पुरते. उत्तर आले नाही तर थांबू नये. आपण काय गृहीत धरले ते README मध्ये लिहावे आणि कामाला लागावे. वरच्या उदाहरणात गाभा तीन गोष्टींचा आहे : लिंक घेऊन लहान कोड देणे, त्या कोडवरून मूळ पानाकडे पाठवणे आणि क्लिक मोजणे. लॉगिन, सुंदर पडदा, कॅशिंग हे सारे बाहेर ठेवावे आणि बाहेर का ठेवले ते एकेका वाक्यात नोंदवावे. अर्धवट लॉगिनपेक्षा ‘लॉगिन केलेले नाही, कारण मागितलेले नव्हते’ हे वाक्य केव्हाही बरे.

गाभा लहान वाटला तरी परीक्षा तिथेच असते. पुनर्निर्देशनासाठी 301 हा कायमस्वरूपी संकेत वापरला, तर ब्राउझर तो लक्षात ठेवू शकतो. मग पुढचा क्लिक सर्व्हरपर्यंत न येता थेट मूळ पानाकडे जातो आणि मोजणी कमी भरते. म्हणून येथे 302 योग्य. कोडसाठी इंग्रजी लहान-मोठी अक्षरे आणि अंक मिळून 62 चिन्हे मिळतात; सहा चिन्हांच्या कोडचे सुमारे 5,680 कोटी प्रकार होतात. तरीही यादृच्छिक कोड कधीतरी जुळणारच. ‘आधी शोधा, नसेल तर घाला’ असे लिहिले तर एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्या ‘नाही’ हेच उत्तर घेऊन पुढे जातात. डेटाबेसमध्ये त्या स्तंभावर युनिक बंधन घालावे आणि नोंद नाकारली गेली की नवा कोड काढावा.

वेळ. ‘आठवड्यात पाठवा’ ही मुदत असते, आठवडाभर राबण्याची सूचना नव्हे. नोकरी सांभाळून हे काम शनिवार-रविवारी करणारे बरेच असतात. त्यांनी तासांची मर्यादा आधीच आखावी. चार तास धरले तर आवाका ठरवायला अर्धा तास, गाभ्याला दोन, चाचण्यांना पाऊण आणि README व शेवटच्या तपासणीला पाऊण तास, अशी वाटणी जमते. मध्येच अडले तर कापायचे ते वैशिष्ट्य, शेवटचा पाऊण तास कधीच नाही. कारण हमखास होणारी चूक तेव्हाच पकडली जाते : आपल्या लॅपटॉपवर नीट चालणारे काम तपासणाऱ्याकडे सुरूच होत नाही. `.env` फाइल गिटमध्ये नसते, डेटाबेसमधला तक्ता आपण हाताने बनवलेला असतो, आणि याचा आपल्याला विसर पडलेला असतो. उपाय सोपा आहे. रिकाम्या फोल्डरमध्ये, README मध्ये लिहिलेल्याच पायऱ्यांनी काम पुन्हा सुरू करून पाहावे. डॉकर वापरले असेल, तर ते असे :

```
git clone <repo-url> tapasni
cd tapasni
cp .env.example .env
docker compose up
```

सादरीकरण. चर्चेच्या फेरीत स्लाइड लागत नाहीत. आधी सेवा चालवून एक लिंक लहान करून दाखवावी, मग त्या एका विनंतीचा माग काढत कोड उघडावा, आणि 302 किंवा युनिक बंधनासारखे दोन निर्णय पर्यायांसह सांगावेत. काम आणि चर्चा यांत दिवस गेले असतील तर आदल्या संध्याकाळी स्वतःचा कोड पुन्हा वाचावा. स्वतःच लिहिलेली ओळ सांगता आली नाही की संशय येतो. ‘लिंकला मुदत घालायची झाली तर?’ अशी वाढीव मागणी बहुतेक ठिकाणी होते. तक्त्यात `expires_at` हा स्तंभ, पुनर्निर्देशनापूर्वी त्याची तपासणी आणि मुदत संपल्यावर 410 हे उत्तर, इतके बोलता आले तरी पुरे. मात्र जुन्या नोंदींचे काय, हेही आपणहून सांगावे. किती वेळ लागला असे विचारले तर खरा आकडा द्यावा. चारऐवजी सहा तास लागले असतील तर सहाच सांगावेत, कारण त्या आकड्यावरूनच कामाचा आकार जोखला जातो.

दिलेले काम सरावाचे नसून कंपनीच्या चालू उत्पादनाचाच तुकडा आहे असे दिसले, तर सुरू करण्यापूर्वी मोबदला विचारावा. तो नाकारला गेल्यास काम नाकारणे रास्त आहे.